येण्यातले किती येणार?

३१ मार्चच्या ताळेबंदात ‘विविध ऋणको’ या नावाखाली एक आकडा उभा असतो. माल गेला, बिल झाले, पैसे यायचे आहेत, अशा सगळ्या गिऱ्हाइकांची ती बेरीज. छोट्या कारखान्यात किंवा होलसेल दुकानात हा आकडा बराच मोठा असतो, आणि त्याची तपासणी मात्र सगळ्यात कमी होते. गोदामातला माल मोजला जातो, बँकेची शिल्लक स्टेटमेंटशी ताडून पाहिली जाते. येणे मात्र टॅलीतून जसे निघते तसे ताळेबंदात जाते. दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळलेल्या पार्टीचे बिल आणि गेल्या आठवड्यात पाठवलेल्या मालाचे बिल त्यात शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि दोघांचा रुपया सारख्याच किमतीचा धरलेला असतो.

हिशेबशास्त्राने यावर दोन वेगळे उपाय सांगितले आहेत आणि व्यवहारात त्यांचीच गल्लत होते. पहिला उपाय संशयित येण्यासाठी तरतूद करण्याचा. बारावी कॉमर्सला बसलेल्या प्रत्येकाने ‘आर.डी.डी.’ या नावाने ती शिकलेली असते. दुसरा उपाय बिल बुडीत खाती टाकण्याचा, म्हणजे राइट ऑफ करण्याचा. तरतूद हा साऱ्या ढिगाबद्दलचा अंदाज आहे: एवढ्या येण्यातले साधारण इतके येणार नाही, नेमके कोणाचे ते आज माहीत नाही. राइट ऑफ हा एका बिलाबद्दलचा निर्णय आहे: या पार्टीकडचे हे पैसे येत नाहीत, ते येणे म्हणून दाखवणे बंद. अंदाज दर वर्षी खालीवर होतो. निर्णय एकदाच होतो, आणि आयकर खाते फक्त निर्णयाला किंमत देते.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी लोखंडी पेट्या बनवणारी एक भागीदारी फर्म आहे. गिऱ्हाइके पॅनेल बनवणारे, उधारी ४५ दिवसांची. ३१ मार्च २०२४ रोजी तिचे एकूण येणे २४ लाख रुपये होते. परीक्षेतल्या प्रश्नात ‘ऋणकोंवर ५ टक्के आर.डी.डी. ठेवा’ असे लिहिलेले असते, म्हणून अनेकांना ५ टक्के हा कायदाच वाटतो. तसा कायदा नाही. ती टक्केवारी आपल्या वहीतून काढायची असते.

त्यासाठी आधी येणे वयाप्रमाणे वेगळे करावे लागते. टॅलीत थकबाकीचा वयवार तक्ता निघतोच. या फर्मचे १४ लाख रुपये मुदतीच्या आत होते. मुदत उलटून तीन महिन्यांच्या आत असलेले ५ लाख, तीन ते सहा महिन्यांचे २ लाख, सहा महिने ते एक वर्षाचे ६४ हजार. उरलेले २ लाख ३६ हजार हे एकाच पार्टीचे एकच बिल, वर्षापेक्षा जुने. ते आपण बाजूला ठेवू, कारण ज्या बिलाचा चेहरा माहीत आहे ते ढिगात मोजायचे नसते.

आता टक्केवारी. मालक तीन वर्षांपूर्वीचा असाच तक्ता काढतो आणि त्यातल्या प्रत्येक कप्प्यातले पैसे पुढे आले का ते पाहतो. त्या वेळी सहा महिने ते वर्ष या कप्प्यात दीड लाख रुपये होते आणि त्यातले ६० हजार कधीच आले नाहीत, म्हणजे ४० टक्के. मुदतीच्या आतल्या येण्यातले मात्र शेकडा एक रुपयाच बुडाला होता. अशा रीतीने मुदतीतल्या येण्यावर १ टक्का, तीन महिन्यांपर्यंतच्यावर ४, सहा महिन्यांपर्यंतच्यावर १५ आणि वर्षापर्यंतच्यावर ४० टक्के धरले, तर तरतूद अनुक्रमे १४ हजार, २० हजार, ३० हजार आणि २५ हजार ६०० रुपये होते. बेरीज ८९ हजार ६००. बाजूला ठेवलेल्या बिलावर मालकाने निम्मे, म्हणजे १ लाख १८ हजार धरले. एकूण २ लाख ७ हजार ६००.

ही सगळी रक्कम यंदाच्या नफ्यातून जाते असे मात्र नाही. आर.डी.डी.च्या खात्यात गेल्या वर्षीचे दीड लाख शिल्लक आहेत. वर्षभरात त्यातून काही राइट ऑफ केलेले नाही. त्यामुळे नफा-तोटा पत्रकात फक्त फरकाचे ५७ हजार ६०० रुपये खर्ची पडतात. ताळेबंदात येणे २४ लाखच राहते, त्याखाली तरतूद वजा होऊन २१ लाख ९२ हजार ४०० दिसते. एकाही पार्टीच्या खात्याला हात लागलेला नसतो. वसुलीला फोन करणाऱ्या माणसाला तरतुदीचा पत्ताही नसतो, आणि नसावाच.

एक सांगायला हवे. मुदतीच्या आतल्या येण्यावरचा तो १ टक्का पाहून बरेच मालक कुरकुरतात: अजून तारीखच आलेली नाही, तर तोटा कसला? पण जे बुडते ते आधी मुदतीतच असते. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड-एएस १०९ या मानकाचा गाभा हाच आहे. तिथे विक्री झाल्या दिवसापासून संभाव्य बुडितीचा अंदाज धरावा लागतो. छोट्या फर्मला ते मानक लागू नाही, पण त्यातला वयवार तक्ता उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि कंपनी कितीही छोटी असली तरी २०२१-२२ पासून तिला आपल्या ताळेबंदाच्या टिपणांत येण्याचे वय कप्प्याकप्प्यांनी दाखवावेच लागते.

तरतुदीचा फायदा कराच्या बाजूने शून्य आहे. ५७ हजार ६०० रुपये नफ्यातून वजा केले तरी विवरणपत्र भरताना सीए ते परत मिळवतो. बँकांना काही मर्यादेत तरतुदीची वजावट मिळते, सातपूरच्या कारखान्याला मिळत नाही. मग ती करायची तरी कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर भागीदारांच्या उचलीत आहे. तरतूद नसेल तर नफा दोन लाखांनी फुगलेला दिसतो, भागीदार तो वाटून घेतात, आणि वाटलेले पैसे प्रत्यक्षात गिऱ्हाइकाच्या खिशात अडकलेले असतात. बँकही फसत नाही. कॅश क्रेडिटची उचलमर्यादा ठरवताना बँका साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुने येणे धरतच नाहीत. म्हणजे जुने बिल वहीत जिवंत ठेवून कर्ज वाढत नाही. फसतो तो मालकच.

आता बाजूला ठेवलेल्या बिलाकडे येऊ. २ लाखांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ हजार. माल १० जानेवारी २०२३ रोजी गिऱ्हाइकाकडे पोचला, ऑर्डरवर ४५ दिवसांची उधारी छापलेली होती, म्हणजे २४ फेब्रुवारी २०२३ला पैसे देय झाले. आले नाहीत. मालकाच्या बाजूने तेव्हाच दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. हिशेब मर्कंटाइल पद्धतीचे असल्यामुळे २ लाखांची विक्री २०२२-२३च्या उत्पन्नात धरली गेली आणि तिच्यावर आयकर भरला गेला. जीएसटीही जानेवारीच्या विवरणपत्रासोबत सरकारजमा झाला. गिऱ्हाइकाने एक पैसाही दिलेला नसताना सरकारचे दोन्ही हिस्से मालकाने भागवले होते.

मार्च २०२४मध्ये पार्टी फोन उचलत होती, “पुढच्या महिन्यात बघू” म्हणत होती, आणि थोडेफार काम चालू होते. अशा वेळी निम्मी तरतूद हा माझ्या मते योग्य अंदाज होता. राइट ऑफ करणे घाईचे ठरले असते, कारण चालू धंद्याकडून वसुलीचे हत्यार अजून शिल्लक होते. ते हत्यार म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६चा एमएसएमईडी कायदा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेचा निवाडा विरोधात गेला तर न्यायालयात आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा पैशांबद्दलचे हे संरक्षण मिळत नाही, हे होलसेलवाल्यांनी लक्षात ठेवावे. नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेलच असे नाही.

चालू धंद्यावर आणखी दोन दाब असतात, जे वसुलीच्या पत्रात शांतपणे लिहून पाठवता येतात. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराने त्या बिलावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट व्याजासह परत करायचे असते. आणि २०२३-२४पासून, सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. वकिलाच्या नोटिशीने न हलणारी पार्टी तिच्याच सीएने हे दोन मुद्दे समजावल्यावर हलते, असे पुष्कळदा घडते. पण हा सगळा दाब पार्टी जिवंत असेल तरच चालतो. विवरणपत्र भरणेच जिने सोडले तिला क्रेडिट परत करण्याची भीती कसली?

म्हणून राइट ऑफचा निर्णय घेण्याआधी पार्टी जिवंत आहे का ते पाहायचे, आणि त्यासाठी हेर लागत नाहीत. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द हे दिसते, आणि गेल्या काही महिन्यांची विवरणपत्रे कधी भरली तेही दिसते. सलग दोन-तीन महिने विवरणपत्र नसणे ही धोक्याची पहिली खूण. फोनवरच्या आश्वासनांपेक्षा ती जास्त खरे बोलते. गिऱ्हाइक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थिती आणि तिच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे हे पाहता येते. आणि मराठी वर्तमानपत्रांतल्या ताबा सूचना. कर्ज थकल्यावर सरफेसी कायद्याखाली बँक मालमत्तेचा ताबा घेते तेव्हा तिला दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. उधारीवर माल देणाऱ्याने ते कंटाळवाणे पान अधूनमधून वाचावे.

आपल्या उदाहरणात २०२४च्या पावसाळ्यानंतर नेमके हेच झाले. पार्टीची विवरणपत्रे थांबली, डिसेंबरात तिची जीएसटी नोंदणी रद्द झाली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तिच्या शेडवर बँकेची ताबा सूचना लागली. शेड, मशिनरी, माल, सगळे बँकेकडे तारण. बँकेचे भागून काही उरले तर विनातारण पुरवठादारांच्या वाट्याला यायचे, आणि तारण विकूनही बँकेचेच पुरते फिटत नाही अशी स्थिती अशा बंद शेडमध्ये नेहमीची. मार्च २०२५मध्ये हे बिल ‘संशयित’ राहिले नव्हते. माझ्या मते ते त्याच वर्षी राइट ऑफ करायला हवे होते, आणि फर्मने तसेच केले.

नोंद साधी आहे. बुडीत कर्ज खाते नावे २ लाख ३६ हजार, पार्टीचे खाते जमा २ लाख ३६ हजार. आर.डी.डी.त या बिलापोटी आधीच १ लाख १८ हजार साठलेले होते, त्यामुळे नव्या वर्षाच्या नफ्यावर या बिलाचा बोजा उरलेल्या १ लाख १८ हजारांचाच पडला. तरतुदीचा खरा उपयोग इथे दिसतो: धक्का एका वर्षात न बसता दोन वर्षांत वाटला गेला.

आयकरात मात्र सगळा हिशेब याच वर्षी. मागच्या वर्षी तरतुदीची वजावट नाकारली होती, आता प्रत्यक्ष बुडीत खर्चाची मिळते. १९६१च्या कायद्याच्या कलम ३६मध्ये अटी दोनच. ते येणे याच किंवा आधीच्या वर्षी तुमच्या उत्पन्नात धरलेले असावे, आणि ते तुमच्या वहीत बुडीत म्हणून काढून टाकलेले असावे. १९८९पूर्वी येणे खरोखर बुडाले हे सिद्ध करावे लागे. त्यासाठी नोटिसा, निकालपत्रे, दिवाळखोरीचे आदेश सादर करत वर्षानुवर्षे वाद चालत. १ एप्रिल १९८९पासून ती अट गेली, आणि टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये हे स्पष्ट केले की वहीत राइट ऑफ केले एवढे पुरे. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, हे तत्त्व तेच राहिले.

भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. २ लाखांच्या वजावटीने ६२ हजार ४०० रुपये कर वाचला. हा काही लाभ नव्हे. २०२२-२३मध्ये न आलेल्या पैशांवर भरलेला कर परत आला इतकेच. पण म्हणूनच मेलेले बिल ‘असू दे, कधीतरी देईल’ म्हणून वहीत ठेवणे महागात पडते. जितकी वर्षे ते ठेवाल तितकी वर्षे सरकारकडे तुमचे पैसे बिनव्याजी पडून. आणि नोंद ३१ मार्चपर्यंतच्या हिशेबात झाली पाहिजे, नुसते विवरणपत्रात लिहून चालत नाही.

उरलेल्या ३६ हजारांची, म्हणजे जीएसटीची गोष्ट कडू आहे. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून भरलेला जीएसटी परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये व्हॅटमध्ये अशी सवलत आहे, आपल्याकडे नाही. हा भाग विक्रीच्या उत्पन्नात कधी धरलाच नसेल तर बुडीत येण्याच्या कलमाखाली त्याची वजावट मागण्यात अडचण येते. तो धंद्यातला तोटा म्हणून कसा मागायचा हे फर्मच्या हिशेबाची पद्धत पाहून सीएच ठरवू शकतो.

यावर पळवाट म्हणून काही जण एक धोक्याची गोष्ट करतात: पार्टीच्या नावाने क्रेडिट नोट काढून जीएसटी कमी करून घेतात. जीएसटी कायद्यात क्रेडिट नोटेची कारणे ठरलेली आहेत: माल परत आला, माल कमी भरला किंवा सदोष निघाला, किंवा किंमत वा कर जास्त लावला गेला. ‘पैसे आले नाहीत’ हे कारण त्यात नाही, आणि क्रेडिट नोट काढण्याची मुदतही पुढच्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते. त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. राइट ऑफची नोंद ही तुमच्या वहीतली खासगी गोष्ट आहे, गिऱ्हाइकाला ती कळतही नाही. क्रेडिट नोट गिऱ्हाइकाच्या हाती जाते, आणि ‘तुमच्याकडून येणे एवढ्याने कमी झाले’ असे तुमच्याच सहीशिक्क्याने सांगते. उद्या पार्टीकडे पैसे आले तर मागणार कशाच्या जोरावर?

राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे, हे कित्येक मालकांना पटत नाही, म्हणून ते बिल काढून टाकायला तयार होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने कर्ज तसेच उभे राहते. ते कोर्टात कधीपर्यंत मागता येईल हे १९६३चा मुदतीचा कायदा ठरवतो, तुमची खतावणी नाही. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्या दिवसापासून तीन वर्षे. आपल्या बिलाच्या बाबतीत २४ फेब्रुवारी २०२३पासून मोजले तर २४ फेब्रुवारी २०२६पर्यंत. राइट ऑफ मार्च २०२५मध्ये झाले तरी दावा लावायला जवळजवळ अकरा महिने शिल्लक होते. या तीन वर्षांच्या आत पार्टीने सहीनिशी लेखी कबुली दिली, म्हणजे बाकीच्या पत्रावर ‘मान्य’ लिहून सही केली, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे सुरू होतात. चेकने थोडीशी रक्कम दिली तरी तेच. म्हणून दर मार्चला जुन्या पार्टीकडून बाकीच्या पत्रावर सही-शिक्का घेणे हे काम कंटाळवाणे असले तरी सोडू नये. मुदत उलटल्यावर घेतलेली नुसती कबुली हक्क परत आणत नाही.

पार्टीने दिलेला चेक परत आला असेल तर घड्याळ फार वेगाने चालते. बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्याला, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार. इथे ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकत बसलेला माणूस हक्क गमावून बसतो. गिऱ्हाइक कंपनी असून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर पुरवठादाराने ‘फॉर्म बी’मध्ये आपला दावा मुदतीत नोंदवावा, वहीत बिल राइट ऑफ केलेले असले तरी. स्वतः ती प्रक्रिया सुरू करायला मात्र २०२०पासून थकबाकी किमान १ कोटीची लागते, त्यामुळे लहान बिलासाठी तो रस्ता बंदच आहे.

मग पुढे जायचे की नाही, हा निव्वळ खर्चाचा हिशेब आहे. समजा वकील आणि कोर्ट फी मिळून ४० हजार लागणार आणि पार्टीच्या नावावर बोजा नसलेली काहीही मालमत्ता नाही. हुकूमनामा मिळेल, वसूल कशातून होणार? आपल्या फर्मने दावा लावला नाही, आणि मला त्यात चूक दिसत नाही. तीच पार्टी मालकीची फर्म असती आणि मालकाचे स्वतःचे घर वा दुकान नावावर असते तर उत्तर वेगळे असते, कारण मालकी फर्मच्या कर्जाला मालकाची खासगी मालमत्ताही बांधील असते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत संचालकाने वैयक्तिक हमी दिलेली नसेल तर त्याच्या घरापर्यंत हात पोचत नाही. उधारी देताना पाहायची ही गोष्ट बहुतेक जण वसुलीच्या वेळी पाहतात.

राइट ऑफ करायचेच असेल तर फाइल नीट असावी. बुडाले हे सिद्ध करावे लागत नाही, पण व्यवहार खरा होता आणि नोंद प्रामाणिक आहे हे दाखवता यावे. ऑर्डर, बिल, चलनावरची पोच, स्मरणपत्रे, जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचे पान, ताबा सूचनेचे कात्रण, आणि भागीदारांनी तारखेनिशी लिहिलेली दोन ओळींची टीप. मेहुण्याच्या फर्मचे बिल राइट ऑफ केले आणि पुढच्याच महिन्यात तिला पुन्हा माल पाठवला, तर कोणताही आयकर अधिकारी प्रश्न विचारणारच.

काही जणांना हे सगळे लागूच होत नाही, आणि ते त्यांना उशिरा कळते. विक्रीच्या ८ किंवा ६ टक्के नफा गृहीत धरून कर भरण्याची योजना घेतलेल्या दुकानदाराला बुडीत येण्याची वेगळी वजावट नाही. ती त्या टक्क्यातच आली असे कायदा मानतो. पैसे आल्यावरच उत्पन्न धरणाऱ्या वकील-डॉक्टरांनी न आलेली फी उत्पन्नात घेतलेलीच नसते, त्यामुळे वजा करायला काही नसते. मित्राला हातउसने दिलेले पैसे बुडाले तर ते सावकारी हा ज्याचा धंदा नाही त्याचे बुडीत कर्ज ठरत नाही, मग ते फर्मच्या चेकने दिलेले का असेना.

नोव्हेंबर २०२५मध्ये त्या पार्टीच्या जुन्या भागीदाराने, नवा धंदा सुरू करताना सातपूरच्या पेट्या हव्यात म्हणून, जुन्यापोटी ४० हजार पाठवले असे धरा. राइट ऑफ झाले म्हणून ते नाकारायचे नाहीत आणि भागीदाराच्या खासगी खात्यातही घ्यायचे नाहीत. ‘बुडीत कर्ज वसुली’ या खात्यात जमा करायचे. आधी वजावट घेतली असेल त्या मानाने ती रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न ठरते. नवा माल मात्र रोखीने.